मदत हवी आहे: आजोबांचं वाक्य भाषणात कुठे ठेवावं?

आजोबांच्या प्रार्थनासभेत नातू तीन मिनिटं बोलणार आहे. सावकाश बोललं तर तेवढ्यात साधारण तीनशे शब्द बसतात, म्हणून सवयी दोनच घेतल्यात: रात्री घड्याळाला चावी देणं आणि पार्सलची सुतळी न कापता गाठ सोडवून गुंडाळून ठेवणं. कुणी कात्री आणली की आजोबा म्हणायचे, "गाठ सुटते रे, तुमची घाई सुटत नाही."

अडचण या वाक्याचीच आहे. सुरुवातीला घेतलं तर फळ्यावरचा सुविचार वाटतो, कारण ऐकणाऱ्यांना अजून सुतळी दिसलेली नसते. शेवटी ठेवलं तर नेमका तिथेच गळा दाटतो आणि वाक्य अर्धवट राहतं. सध्या मधोमध ठेवलंय: आधी नखाने गाठ सैल करणारे हात, मग वाक्य, मग दोन श्वास थांबायचं. लोक हसले तर हसू द्यायचं. हसू चालू असतानाच बोलत राहिलं तर पुढचं ऐकू जात नाही. आवाजाची नक्कल मात्र काढून टाकली. आजी समोर बसलेली असताना ती नाटकी वाटते.

आता शेवट सुचवा. "ते घड्याळ रात्री आता बाबा चावी देऊन लावतात" एवढं म्हणून खाली बसलं तर चालेल, की "श्रद्धांजली अर्पण करतो" म्हणावंच लागतं?