विकेंद्रीकरणावरचं १६ मार्कांचं उत्तर कसं बांधायचं?

डिचोलीकर_एमए: प्रश्न आहे, 'भारतातील लोकशाही विकेंद्रीकरणाचे चिकित्सक परीक्षण करा.' मी चार पानं लिहिते, पण मार्क सात-आठच पडतात. मथळे देते: अर्थ, इतिहास, फायदे, तोटे, निष्कर्ष. काय चुकतं?

शिरोड्याचा_राजू: ताई, बलवंतराय मेहता समिती १९५७, मग ७३वी घटनादुरुस्ती, आणि त्रिस्तरीय रचनेची आकृती. उदाहरण गोव्याचं दे, परीक्षकाला आपलं वाटतं.

फोंडा_निवृत्त_प्राध्यापक: राजू, उदाहरण गोव्याचंच द्यावं, पण त्या आकृतीखाली नको. वीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला मधला स्तर न ठेवण्याची मुभा घटनेनेच दिली आहे. म्हणून इथे ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत.

डिचोलीकर, तुझे मथळे कुठल्याही विषयाला चालतील. मथळा वाचून तुझं म्हणणं कळलं पाहिजे. पहिला असा घे: 'निवडणूक बंधनकारक, अधिकार ऐच्छिक'. त्याखाली लिही की दर पाच वर्षांनी निवडणूक घ्यावीच लागते. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय मात्र विधिमंडळ देऊ 'शकेल', एवढंच कलम २४३ जी म्हणतं. मग केरळ आण: १९९६ च्या लोकयोजनेत नियोजनाच्या निधीचा सुमारे ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे वळवायचं ठरलं. त्याशेजारी गोवा ठेव. ग्रामसभा ठराव करते, पण जमिनीचा झोन राज्याच्या नगर नियोजन कायद्याखाली ठरतो. घटना एकच, मग फरक राज्याच्या इच्छेमुळे पडला, हे तुझं परीक्षण. इतिहासाला सहा ओळी पुष्कळ.

माजी_पंच_सत्तरी: आमचं कोण ऐकतं? पंचायतीचा सचिव सरकारी नोकर, बदली सरकारच्या हातात. गावचं काम अर्ध्यावर असताना तो गेला. दाद कुठे मागायची?

फोंडा_निवृत्त_प्राध्यापक: भाऊ, धागा परीक्षेचा आहे, पण तुमचा मुद्दा लाखाचा. डिचोलीकर, दुसरा मथळा यातूनच कर: 'काम पंचायतीचं, माणूस सरकारचा'. गाऱ्हाण्याचा सूर मात्र उत्तरात नको.

डिचोलीकर_एमए: आणि निष्कर्ष? 'फायदे आहेत तसे तोटेही आहेत' असं लिहिते.

फोंडा_निवृत्त_प्राध्यापक: त्यात निकाल कुठे आहे? समतोल म्हणजे अट घालून बोलणं. असं लिही: 'आरक्षणामुळे महिला आणि अनुसूचित जाती-जमाती सत्तेच्या जागी आल्या, हे ७३व्या दुरुस्तीचं यश पक्कं आहे, निधी आणि कर्मचारी जिथे सोबत गेले नाहीत तिथे ती सत्ता अपुरी राहिली.' अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटं यासाठीच राखून ठेव.

शिरोड्याचा_राजू: सर, कोमुनिदाद घालू का? गावचा कारभार गावाकडे, तोही पोर्तुगीजांच्या आधीपासून.

फोंडा_निवृत्त_प्राध्यापक: ती गांवकारांची वंशपरंपरागत संस्था, मतदारांची नव्हे. मी तरी वगळेन.

माजी_पंच_सत्तरी: मी घालीन. जमीन गावाच्या हातात असणं हीच खरी सत्ता.

डिचोलीकर_एमए: दोन्ही बाजू एका परिच्छेदात लिहून बघते. रविवारी इथेच टाकते, सर, तपासाल का?