१४ मीटर उंच गोडाऊन: धूर पकडायला बीम लावावा की पाइप?

मिलिंद: भिवंडीचं गोडाऊन. ८० मीटर लांब, ४० रुंद, १४ उंच, वर पत्रा, आत रॅक. छताच्या साध्या डिटेक्टरना धूर पोचत नाही. एक सल्लागार आडवा किरण सोडून धूर ओळखणारा बीम म्हणतो, दुसरा भोकांतून हवा ओढून धूर तपासणारी पाइप. तुम्ही काय लावाल?

वैशाली: पाइपच. बीमने आम्हाला छळलंय. पत्रा तापला की दुपारी फॉल्ट, संध्याकाळी आपोआप ठीक. पाइपला हलण्याची चिंता नाही, धूर कुठेही असो, पकडतेच.

साठेकाका: वैशालीताई, तुमचा बीम पर्लिनवर, म्हणजे पत्रा धरणाऱ्या हलक्या आडव्या पट्टीवर, बसवला होता का? ८० मीटरवर अर्धा अंश कलला तरी किरण ७० सेंटिमीटर सरकतो. मुख्य खांबावर घट्ट बसवला की हा त्रास बहुतेक जातो. पण "कुठेही असो" हे मला पटत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली तापलेल्या हवेचा थर साचतो. छोट्या आगीचा धूर वर जाताना थंड होतो आणि त्या थराखालीच अडून आडवा पसरतो. छतालगतच्या भोकांत तो येतच नाही. म्हणून पाइपच्या फांद्या रॅकलगत खाली सोडाव्या लागतात, नाहीतर बीमची दुसरी ओळ खाली हवी. आणि धुराची चाचणी सकाळी नको, दुपारी ३ वाजता घ्या.

प्रशांत: आमच्या मॉलच्या ऍट्रियममध्ये रिफ्लेक्टरवाला बीम आहे, समोर काच. कधीच फॉल्ट येत नाही. मग बीम वाईट कसा?

साठेकाका: प्रशांत, इथे प्रश्न गोडाऊनचा आहे, पण तुमचं ऐकून काळजी वाटली. रिफ्लेक्टर पुठ्ठ्याने पूर्ण झाका. पॅनेलवर काहीच आलं नाही, तर किरण काचेवरून परततोय. वाटेत धूर आला तरी त्याला नीट कळेल याची खात्री नाही. ही चाचणी आजच करा.

वैशाली: पर्लिनवरच होता, काका, मान्य. पण खालच्या ओळीत फोर्कलिफ्टचा मास्ट आला की?

साठेकाका: किरण एकदम पूर्ण अडला तर बहुतेक बीम आग नाही, फॉल्ट दाखवतात. खरी भीती पुढची आहे: रोजच्या फॉल्टला कंटाळून कुणीतरी लाइन बंद करतो. म्हणून उंच रॅक असतील तिथे मीही पाइपकडे झुकतो. उघड्या जागेत, एका किरणामागे साधारण १५ मीटर रुंदी धरली तर ४० मीटरला तीन ओळी पुरतात आणि खर्चही कमी.

मिलिंद: रॅक ११ मीटरचे आहेत. पण दिवसभर ट्रक आत येतात, डिझेलचा धूर आणि धूळ दोन्ही. पाइपचा फिल्टर किती दिवसांनी बदलता?

वैशाली: आमच्याकडे तीन महिन्यांनी, कारण आत ट्रक येत नाहीत. तुमच्याकडे इतका काळ टिकणार नाही.

साठेकाका: आधी महिनाभर साध्या पातळीवर चालवून रीडिंग नोंदवा, मग अलार्मची पातळी ठरवा. ट्रकच्या धुराचं मात्र मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. दाराजवळच्या फांद्या वेगळ्या झोनला घेतल्या तर आवर बसतो, एवढंच.