मायक्रोनाइज्ड क्रिएटिनला जास्त पैसे मोजावेत का? तळाशी रेती उरतेच

गंगापूर रोडकर: जिममधल्या दादाच्या सांगण्यावरून महागातलं मायक्रोनाइज्ड क्रिएटिन घेतलं. फ्रिजमधल्या ग्लासभर पाण्यात 5 ग्रॅम टाकून ढवळतो, तरी शेवटच्या घोटाला दाताखाली कचकच लागते. माल भेसळीचा आहे का?

सिडकोचा पहिलवान: शंभर टक्के भेसळ. खरं मायक्रोनाइज्ड पूर्ण विरघळतं, म्हणून तर ते जास्त शुद्ध असतं.

औषधनिर्माणवाली: पहिलवान, बारीक दळल्याने शुद्धता वाढत नाही. पदार्थ तोच, दाणा लहान. खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून बघा. पिठीसाखर लगेच विरघळते, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी जास्त असतो. बारीक कण तळाशी बसायलाही वेळ घेतात, त्यामुळे ढवळून लगेच प्यायलं तर तोंडाला लागत नाहीत. पण एका ग्लासात एकूण किती मावेल, ते पाणी आणि त्याचं तापमान ठरवतं. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण 14 ग्रॅम क्रिएटिन विरघळतं, 4 अंशांना जेमतेम 6. तुमचा ग्लास 250 मिलीचा धरला, तर फ्रिजच्या पाण्यात दीड ग्रॅमच विरघळेल. उरलेलं साडेतीन ग्रॅम कितीही ढवळलं तरी खालीच बसणार.

पंचवटीकर: मग जास्त पैसे कशाला? मी साधी पावडरच घेतो, कोमट पाण्यात टाकतो, काम होतं.

औषधनिर्माणवाली: कोमट पाण्यात साधी पावडरही चालते, फक्त थोडी जास्त थांबावी लागते. शेकर घेऊन घाईत पिणाऱ्याला बारीक दाण्याचा फरक नक्की जाणवतो.

इंदिरानगरची ताई: माझ्या भावाचं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं आलं. ते या न विरघळलेल्या रेतीमुळे का?

औषधनिर्माणवाली: ताई, रेतीचा संबंध नाही. क्रिएटिन घेतल्यावर तो आकडा किंचित वाढू शकतो, पण मूत्रपिंडाचा त्रास नाही हे रिपोर्ट बघून डॉक्टरच सांगतील. भाऊ क्रिएटिन घेतो हे त्यांना आवर्जून सांगा.

गंगापूर रोडकर, आधी पाऊण ग्लास चांगलं कोमट पाणी घ्या, त्यात 5 ग्रॅम टाका, चार-पाच मिनिटं अधूनमधून ढवळा. मग साधं पाणी घालून 400 मिलीपर्यंत न्या आणि लगेच प्या. बर्फ नको, गार झालं की दाणे पुन्हा खाली येतात. भेसळीची शंका असेल तर तळाच्या रेतीवर गरम पाणी ओता. ती नाहीशी झाली, तर ते तुमचंच क्रिएटिन होतं. ते फेकू नका, ग्लास विसळून पिऊन टाका.

गंगापूर रोडकर: आत्ताच केलं. गरम पाण्यात रेती गेली! म्हणजे इतके दिवस अर्धा डोस बेसिनमध्ये ओतत होतो.

सिडकोचा पहिलवान: लिंबू पिळलं तर लवकर विरघळतं, हे तरी खरं ना?

औषधनिर्माणवाली: विरघळायला थोडी मदत होईल. पण आंबट पाण्यात क्रिएटिन हळूहळू मोडतं, सकाळी बाटलीत भरून संध्याकाळी प्यायचं असेल तर लिंबू टाळा.

पंचवटीकर: मी तरी साधीच घेणार. पाच मिनिटं थांबायला मला वेळ आहे.