मदत हवी आहे: बडोदा स्टेशनवर ऐनवेळी प्लॅटफॉर्म बदलला तर आईला एकटीला कसं कळेल?

दांडियाबाजारची_लेक
आई पुढच्या महिन्यात रात्रीच्या गाडीनं एकटी मुंबईला जाणार आहे. वय ७१. कान चांगले, गुडघे नाहीत. मागच्या खेपेला मी सोबत होते तरी गाडी सुटता सुटता मिळाली. आम्ही दोनवर बसलो होतो. घोषणेत ‘दो’ ऐकलं आणि मी निश्चिंत होऊन थालीपीठ सोडलं. शेजारचे काका बॅग उचलून जिन्याकडे पळाले, त्यांना विचारलं तेव्हा कळलं की गाडी चारवर येतेय. ऐकण्यात चूक माझीच. पण आईनं नेमकं काय ऐकायचं, काय बघायचं?

अलकापुरी७
एवढं कशाला? मोबाईलवर गाडीचा नंबर टाका, प्लॅटफॉर्म दिसतो. मी तर घोषणा ऐकतच नाही.

जुना_घोषणावाला
ताई, तुम्ही ‘दो’ बरोबर ऐकलंत, पुढचं सोडलंत. बदलाची हिंदी घोषणा साधारण अशी असते: ‘प्लॅटफॉर्म नंबर दो के स्थान पर प्लॅटफॉर्म नंबर चार पर आएगी’. म्हणजे जुना आकडा आधी, नवा नंतर. गुजरातीतही ‘बे ने बदले चार’, तोच क्रम. इंग्रजीत मात्र उलटं होऊ शकतं: नवा आकडा आधी आणि ‘इन्स्टेड ऑफ’च्या पुढे जुना. त्यामुळे पहिला किंवा शेवटचा आकडा धरून बसू नका. ‘के स्थान पर’ कानावर पडलं की उठायची तयारी करायची आणि त्यानंतरचा आकडा धरायचा. एका भाषेत हुकला तर पुढच्या भाषेत ताडून बघता येतो, तीन भाषांचा तेवढा फायदा.

अलकापुरी७, मोबाईलवरचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, पण तो अपेक्षित प्लॅटफॉर्म असतो. पुढची गाडी रूळ अडवून उभी राहिली की स्टेशन मास्तर दुसरी लाईन देतात. ते आधी घोषणेच्या खोलीत कळतं, मग कॉम्प्युटरवर चढतं. मोबाईलपर्यंत पोचायला कधी कधी उशीर होतो.

कुंदाआत्या
आमचा एस-४ पाटीवर मागे होता आणि प्रत्यक्षात पुढे आला! मी पन्नास पावलं पळाले. त्यावर कुणी बोला की.

जुना_घोषणावाला
आत्या, तो डब्यांच्या क्रमाचा प्रश्न, वेगळा आहे. पण तुमची ती पाटी इथेही कामाची आहे. डोक्यावरच्या छोट्या पाटीवर आळीपाळीनं गाडीचा नंबर आणि डबा दिसतो. गाडीची वेळ अगदी जवळ आली आणि तिथे दुसऱ्याच गाडीचा नंबर फिरतोय, तर शंका घ्यावी. ती आधी येणारी गाडीही असू शकते, म्हणून लगेच पळू नका, विचारा.

आणि नाव वाचू नका, पाच आकडे वाचा. मोठ्या पाटीवर नाव गुजराती, हिंदी, इंग्रजीत बदलत राहतं, आकडे तेच राहतात. शेवटचा आकडाही नीट बघा: शताब्दी मुंबईहून येते ती १२००९, मुंबईला जाते ती १२०१०. घोषणेत हे आकडे एकेक सुटे बोलतात: एक दो शून्य एक शून्य.

दांडियाबाजारची_लेक
हे पटलं. आई ‘नौ’ आणि ‘नव’ ओळखेल, पण ‘सहा’ची वाट बघत राहील आणि तिकडे ‘छह’ होऊन जाईल.

सुरसागरवाला
माझं मत, आईंना प्लॅटफॉर्मवर बसवूच नका. पुलाच्या जिन्यापाशी किंवा लिफ्टपाशी थांबू द्या. घोषणा कळून काय उपयोग, सहा मिनिटांत जिना कोण चढणार?

जुना_घोषणावाला
लिफ्टजवळ बसणं चांगलं, पण पुलावर नको, तिथे घोषणा घुमते आणि आकडा कळत नाही. किती मिनिटं आधी कळेल ते सांगता येत नाही. मी दहा मिनिटं आधी बदल बोललोय आणि गाडी आत शिरण्याच्या बेतात असतानाही बोललोय.

अलकापुरी७
बरं, मोबाईल आणि कान दोन्ही. पण गर्दी उठली की मागे जायचं, हा माझा नियम अजून चुकला नाही.

कुंदाआत्या
मी गेले होते गर्दीमागे. गर्दी चहाला निघाली होती.

दांडियाबाजारची_लेक
आईला तिकिटामागे मोठ्या अक्षरात गाडीचा नंबर आणि त्याखाली ‘के स्थान पर = यानंतरचा आकडा’ लिहून दिलंय. गुजराती आकडे म्हटल्यावर म्हणाली, ‘बे मला नको शिकवूस, बेचा पाढा मी तुला शिकवला.’ त्रण राहिलंय. लिफ्ट सध्या चालू आहे का, कुणी या आठवड्यात गेलंय?

सुरसागरवाला
शनिवारी जातोय, बघून सांगतो.