दर सोमवारी ५० पार्ट्या जुळवणं म्हणजे टाइमपास आहे का?

लूम_ते_लॅपटॉप:
आमच्या टॉवेलच्या पेढीत टॅली आहे आणि सेल्समनचं ऑर्डर ॲप आहे, दोन्हीत पार्टी मास्टर, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी. रोज रात्री सिंक होतं. तरी मालकांनी एका पोराला दर सोमवारी ५० पार्ट्या रँडम काढून दोन्हीकडे जुळवायला बसवलंय. सहा हजारातल्या ५० बघून काय कळणार ओ? एवढा संशय असेल तर सगळ्या जुळवा, नाहीतर सोडून द्या. उगं टाइमपास.

चाटीगल्लीकर:
"सोडून द्या" वाचलं आणि राहवलं नाही.

मी आधी जिथं हिशेब बघायचो तिथं असंच सोडून दिलं होतं. सिंक रोज रात्री चालायचं, सकाळी मेसेज यायचा, "यशस्वी". टॅलीत जेवढ्या पार्ट्या तेवढ्याच ॲपमध्ये, आकडा रोज जुळायचा, त्यामुळं सगळे निवांत. मग एका विजापूरच्या पार्टीचं पेमेंट अडकलं म्हणून टॅलीत तिचं क्रेडिट लिमिट ३ लाखावरून ५० हजारावर आणलं. ॲपमध्ये ते ३ लाखच राहिलं. सेल्समननं ॲप बघून ऑर्डर घेतली, चादरीच्या गठड्या टेम्पोत चढल्या, आणि गाडी गेल्यावर मालक विचारायलेत की ह्याला माल कुणी दिला.

कारण काय निघालं, तर पार्टीच्या नावात & होतं. "अमुक & सन्स". टॅलीतनं माहिती XML मध्ये बाहेर काढणारा जो ब्रिज व्हेंडरनं लिहिला होता तो हे चिन्ह जसंच्या तसं टाकायचा. XML मध्ये ते `&amp;` असं लिहावं लागतं, नाहीतर वाचणारा प्रोग्रॅम तिथंच अडखळतो. ब्रिज एकेक पार्टी वेगळी पाठवत असल्यामुळं बाकीच्या सगळ्या नीट जायच्या, फक्त & वाल्या गळायच्या. त्याची नोंद एका लॉग फाइलमध्ये पडायची जी कुणी उघडत नव्हतं. आणि पार्ट्यांचा आकडा का जुळायचा, तर सुरवातीला सगळ्या पार्ट्या एक्सेलवरनं ॲपमध्ये चढवल्या होत्या. पार्टी दोन्हीकडे होतीच की, फक्त नंतरचे बदल पोचत नव्हते.

आता तुमचा हिशेब. समजा सहा हजारात अशा शिळ्या पार्ट्या ४० आहेत. ५० काढल्या तर त्यातली एकतरी हाताला लागायची शक्यता एका आठवड्यात साधारण २८ टक्के. कमी वाटतंय ना? पण दर आठवड्याला नवीन ५० काढल्या तर चार आठवड्यात तीच ७४ टक्क्यांवर जाते, कारण तो बिघाड आपोआप बरा होत नाही, तिथंच बसून असतो. सोलापुरात दर दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर "अँड सन्स" आहे, पुढचं तुम्हीच समजा.

एसक्यूएल_भाऊ:
काका गोष्ट भारी आहे पण सहा हजार रो म्हणजे काय डेटा आहे का ओ? दोन्हीकडच्या याद्या एका टेबलात टाका, FULL OUTER JOIN मारा, दोन सेकंदात सगळा फरक समोर. शक्यता, टक्के हे सगळं कशाला. सँपल त्यानं काढावं ज्याला पूर्ण बघणं परवडत नाही. आणि टॅलीत तर प्रत्येक मास्टरला AlterID असतो, बदल झाला की तो वाढतो, सिंक त्याच्यावर बांधलं तर काही सुटूच शकत नाही.

लूम_ते_लॅपटॉप:
+१. मी हेच म्हणायलोय. सगळ्या जुळवा.

नवीपेठ_मुनीम:
आम्ही दर महिन्याला जीएसटी पोर्टलवरचं टूबी जुळवतो पर्चेस रजिस्टरशी. त्यात ५० काढून चालत नाही, एक बिल राहिलं तरी क्रेडिट जातं. सीए साहेब ओरडतात. त्यामुळं सँपल वगैरे मला पटत नाही. आणि आमची खरी डोकेदुखी नावांची आहे, एकच पार्टी तीन नावानं बसलीय, जुळवायचं कशाशी तेच कळत नाही.

चाटीगल्लीकर:
मुनीमजी, टूबी वेगळं. तिथं प्रत्येक बिलावर पैसा आहे, म्हणून प्रत्येक बिल बघायचं, बरोबरच आहे. इथं प्रश्न असा आहे की सिंक नावाचं मशीन गुपचूप बिघडलंय का.

एसक्यूएल भाऊ, AlterID चं अर्धं खरं. ब्रिज "गेल्यावेळी कुठपर्यंत आलो" ती खूण ठेवतो आणि पुढच्यावेळी त्याच्या वरचे बदलच उचलतो. आमच्याकडे & वाली पार्टी फेल झाली तरी खूण पुढं सरकायची. म्हणजे तो बदल परत कधी उचललाच जायचा नाही, जोवर कुणी त्या पार्टीला टॅलीत पुन्हा हात लावत नाही. आणि हात लावला तरी परत फेलच.

आणि FULL OUTER JOIN. ते पण होतं की आमच्याकडे! व्हेंडरनं "मिसमॅच रिपोर्ट" म्हणून बटण दिलं होतं. दाबलं की शून्य फरक. का? कारण तो रिपोर्ट टॅलीची यादी त्याच ब्रिजमधून आणायचा. & वाल्या तिथंही गळायच्या, आणि "टॅलीत न सापडलेल्या" म्हणून बोंब नको म्हणून व्हेंडरच्या पोरानं जोडणीत फक्त दोन्हीकडे सापडलेल्याच ठेवल्या होत्या. जो माणूस माल कमी देतो त्याच्याच काट्यावर वजन करून घेतल्यासारखं.

५० का, तर ५० पार्ट्या माणूस डोळ्यानं बघू शकतो. टॅलीचा स्क्रीन उघडायचा, शेजारी मोबाइलवर ॲप, आणि लिमिट, पत्ता, रेट लिस्ट वाचायची. मधे ब्रिज नाही.

एसक्यूएल_भाऊ:
ही वाईट रिपोर्टची तक्रार झाली, पूर्ण जुळवणीची नाही. टॅलीतनं थेट एक्सेलला एक्सपोर्ट करा, ब्रिजला हात न लावता, ॲपच्या डेटाबेसमधनं वेगळी यादी काढा, मग जुळवा. तुमच्या ५० पेक्षा हे कधीही भारी.

चाटीगल्लीकर:
ते केलंत तर भारीच, नाही कोण म्हणतंय. दर आठवड्याला करणार कोण तेवढं सांगा.

अशोकचौक_विणकर:
मुनीमजी "एकच पार्टी तीन नावानं" म्हणजे आमच्याकडंच बोट ना? दरवेळी तेच, तेलुगू नावं अवघड म्हणून. आमच्या नावांचं स्पेलिंग आम्हाला नीट येतं, तुमच्या ऑपरेटरला येत नाही. आमच्यात "लता" लिहिताना टी नंतर एच लावतात, तुमचा ऑपरेटर एच खातो, मग म्हणतो पार्टी सापडत नाही आणि नवीन उघडतो.

नवीपेठ_मुनीम:
अहो मी तेलुगू शब्द तरी काढला का? आमच्याकडं टेक्स्टाइलचेच चार प्रकार आहेत, त्यात मराठी पार्ट्याच जास्त. उगं अंगावर घेऊ नका.

अशोकचौक_विणकर:
बरं. पण नावावर जुळवायचंच कशाला? जीएसटी नंबर आहे की.

नवीपेठ_मुनीम:
बिननंबरी छोट्या दुकानदारांचं काय करू? आमचे निम्मे तेच.

होटगीरोड_सीए:
आणि नंबर असला तरी एक पार्टी एक नंबर असं नसतं. ज्याचं दुकान सोलापुरात आणि विजापुरातही आहे त्याचे दोन नंबर, एक २७ नं सुरू होणारा आणि एक २९ नं, मधला पॅन तोच. माझ्या एका क्लायंटच्या माणसानं पॅन बघून दोन्ही पार्ट्या एक करून टाकल्या आणि कर्नाटकच्या बिलांना आयजीएसटी ऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी लागत राहिला. तो निस्तरताना आमचे हाल झाले. नाव नको, नंबर नको, स्वतःचा पार्टी कोड द्या आणि तो दोन्हीकडे टाका. टॅलीत आत GUID असतोच, नाव बदललं तरी तो बदलत नाही.

अशोकचौक_विणकर:
कोड ऑपरेटरच टाकणार ना? मग झालं.

लूम_ते_लॅपटॉप:
धागा माझा होता वाटतं.

मी परत विचारतो. आमचा पोरगा गेले कित्येक सोमवार "सगळं ओके" लिहायलाय. म्हणजे सिस्टीम ठीक आहे हे सिद्ध झालं का नाही? झालं असेल तर बंद करा, झालं नसेल तर उपयोग काय?

चाटीगल्लीकर:
एका सोमवारी ५० पैकी ५० ओके आल्या तर एवढंच म्हणता येतं की चुकलेल्या बहुतेक ६ टक्क्यांच्या आत असतील. ढोबळ नियम आहे, ३ भागिले जेवढ्या बघितल्या तेवढ्या. सहा हजारात ६ टक्के म्हणजे ३६० पार्ट्या, कमी नाहीत. चार सोमवार मिळून २०० स्वच्छ आल्या तर दीड टक्का. शून्य कधीच म्हणता येत नाही.

पण मला आधी तो पोरगा पार्ट्या निवडतो कशा ते सांगा. स्वतःच्या मनानं निवडत असेल तर तो ओळखीच्या, रोज बिलं होणाऱ्या पार्ट्याच घेणार. शिळी पडते ती सहा महिन्यांनी एकदा माल नेणारी. यादी मशीननं काढायची आणि अशी काढायची की नंतर कुणालाही तीच यादी परत काढता येईल:

```sql
SELECT code, name, credit_limit
FROM party
ORDER BY md5(code || '2025-W31')
LIMIT 50;
```

md5 मधला तो आठवडा बदलला की नवीन ५०. आणि सगळ्या ५० एकाच यादीतनं नकोत, LIMIT 25 करून २५ टॅलीच्या यादीतनं, २५ ॲपच्या यादीतनं, आणि ॲपच्या वेळी आठवड्यापुढं एखादं अक्षर जोडायचं, नाहीतर बहुतेक त्याच २५ परत येतील. नुसत्या टॅलीतनं काढल्या तर टॅलीत डिलीट झालेली आणि ॲपमध्ये जिवंत राहिलेली पार्टी जन्मात सापडणार नाही.

एसक्यूएल_भाऊ:
हे md5 वालं आवडलं, चोरतो. पण दिवसा टॅलीत बदललेलं रात्री ॲपला जातं, मग सोमवारी दुपारी जुळवलं तर खोटे फरक येणारच. पोरगा दोन आठवड्यात कंटाळून "सिंक बाकी" लिहून मोकळा होणार.

चाटीगल्लीकर:
होतोच. म्हणून फरक दिसला की खोडायचा नाही, मंगळवारी सकाळी तेवढ्याच पार्ट्या परत बघायच्या. रात्रीचं सिंक होऊनही फरक राहिला तर तो खरा. आणि खरा सापडला की ती एक पार्टी दुरुस्त करून गप्प बसायचं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा तेच झालं, क्लार्कनं ॲपमध्ये हातानं लिमिट बदललं आणि वहीत टिक मारली. पुढं आणखी दोन सापडल्या तेव्हा तिन्ही नावं शेजारी ठेवून कुणीतरी बघितली, तिन्हीत &. मग टॅलीत & वाल्या सगळ्या काढून बघितल्या.

होटगीरोड_सीए:
एक राहिलं. ज्यांचं लिमिट मोठं आहे त्या पार्ट्या नशिबावर सोडू नका. वरच्या तीसेक दर आठवड्याला सगळ्या बघा, रँडम उरलेल्यातनं. ऑडिटला आम्ही पण असंच करतो. २५ लाखाचं लिमिट एकाच ठिकाणी चुकलं तर टक्केवारी घेऊन काय करणार.

लूम_ते_लॅपटॉप:
म्हणजे आता ५० च्या ८० झाल्या. धन्यवाद, पोरगा दुवा देईल तुम्हाला.

बरं, जाऊन विचारलं. तो टॅलीच्या यादीत डोळे मिटून माऊस फिरवतो आणि जिथं थांबेल तिथनं खाली सलग ५० घेतो. यादी एबीसीडीनं लावलेली असते.

चाटीगल्लीकर:
सलग?

लूम_ते_लॅपटॉप:
सलग. आणि & वाल्या ११० निघाल्या आमच्यात. त्यातल्या चार उघडल्या, दोन्हीकडे बरोबर आहेत. त्यामुळं तुमचा मुद्दा आमच्या व्हेंडरला लागू नाही, एवढं लिहून ठेवा.

एसक्यूएल_भाऊ:
त्या चार पार्ट्यांत सिंक सुरू झाल्यानंतर काही बदललं होतं का ते बघितलं का? बदलच नसेल तर जुळणारच की.

लूम_ते_लॅपटॉप:
आज दुकान बंद झालंय. उद्या बघतो.

नवीपेठ_मुनीम:
ते बिननंबरी पार्ट्यांचं कुणी सांगितलंच नाही.