शब्दचर्चा: ‘शिफारसपत्र देऊन उपकृत व्हावे’ – उपकृत कोणी व्हायचे?

शोधार्थिनी: पदव्युत्तर प्रवेशासाठी मला माझ्या प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागायचे आहे. ते स्वतः फार काटेकोर मराठी लिहितात. म्हणून पाठवण्यापूर्वी माझा मजकूर व्याकरण आणि आदर या दोन्ही दृष्टींनी कोणी तपासून देईल का?

“आदरणीय सर, स. न. वि. वि. मी आपल्या मार्गदर्शनाखाली गेल्या वर्षी आपला प्रकल्प पूर्ण केला. पदव्युत्तर प्रवेशासाठी मला शिफारसपत्र हवे आहे. तरी कृपया १५ तारखेच्या आत ते देऊन उपकृत व्हावे, ही नम्र विनंती. आपण पत्र द्याल अशी मला अपेक्षा आहे. आपली विद्यार्थीनी”

वाटसरू: पत्र फारच त्रोटक आहे. विद्यार्थिनी अभ्यासू आहे, वक्तशीर आहे, हे त्यात कुठेच आलेले नाही.

शोधार्थिनी: ते शिफारसपत्रात येईल आणि ते सर लिहितील. वर दिलेली आहे ती फक्त माझी विनंती.

मुद्रितशोधक: सर्वांत मोठी चूक ‘उपकृत व्हावे’ ही आहे. ज्याच्यावर उपकार झाला तो उपकृत. ‘देऊन’ या रूपाचा कर्ता आणि वाक्याच्या मुख्य क्रियापदाचा कर्ता साधारणपणे एकच असतो. इथे पत्र देणार सर, त्यामुळे उपकृत होणारेही सरच ठरतात, आणि आपण त्यांच्यावर उपकार करत आहोत असा उलटा अर्थ निघतो. ‘देऊन मला उपकृत करावे’ हे शुद्ध आहे; पण मी ‘दिल्यास मी आपली ऋणी राहीन’ असे लिहीन. ‘दिल्यास’मध्ये दोन कर्ते सहज नांदतात, शिवाय सरांना नकार देण्याची मोकळीकही राहते. शिफारस मागताना ही मोकळीक ठेवणे हाच मला खरा आदर वाटतो. आणि ‘विद्यार्थी’तला ‘र्थी’ दीर्घ असला, तरी ‘विद्यार्थिनी’त तो ऱ्हस्व होतो.

लेखणीबहाद्दर: ‘उपकृत व्हावे’चा कर्ता ‘मी’ अध्याहृत आहे असे मानता येईल. कितीतरी अर्जांत मी हेच वाचले आहे. खरी चूक ‘कृपया’ची आहे, कारण पुढे ‘नम्र विनंती’ आलेली आहे.

मुद्रितशोधक: कर्ता ‘मी’ मानला, तर पत्र देणारीही तीच ठरेल. अर्जांत ते रूप दिसते हे खरे. ‘उपकृत करावे’ आणि ‘उपकृत व्हावे’ यांची सरमिसळ फार जुनी आहे. ‘कृपया’बद्दल तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे: ती द्विरुक्ती आहे, व्याकरणाची चूक नाही. मीही ते गाळेन.

सायली_वाचते: मला ‘आपला प्रकल्प’ खटकला. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली’ म्हणजे सरांच्या, आणि लगेच पुढचे ‘आपला’ स्वतःचे. एकाच वाक्यात ‘आपला’ दोन माणसांकडे बोट दाखवतो, आणि प्रकल्प सरांचाच होता असेही कोणी वाचेल. मराठीत ‘मी माझा प्रकल्प पूर्ण केला’ अगदी स्वाभाविक आहे. समोरच्याला ‘आपण’ म्हणत असलो, की स्वतःसाठी ‘माझा’ वापरणेच बरे.

परतलेला: ‘अपेक्षा’विषयी माझा अनुभव सांगतो. मी माझ्या विनंतीत नेमका हाच शब्द लिहिला होता. प्राध्यापकांनी पत्र दिले, पण शांतपणे म्हणाले, “अपेक्षा मी तुझ्याकडून ठेवायची.” ‘अपेक्षा’त हक्काची छटा आहे, ‘खात्री’त त्याहून अधिक. ‘आशा’ चालेल; माझ्या मते ते वाक्यच नको.

सायली_वाचते: ‘स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’. हे बरोबरीच्यांना लिहितात, वडीलधाऱ्यांना ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे ‘साष्टांग नमस्कार’.

लेखणीबहाद्दर: आज ईमेलमध्ये साष्टांग नमस्कार कृत्रिम वाटतो. ‘सादर नमस्कार’ पुरे.

मुद्रितशोधक: मी अजूनही ‘सा. न. वि. वि.’ लिहितो, पण ‘सादर नमस्कार’ला माझा विरोध नाही. ‘१५ तारखेच्या आत’ मात्र बदला. त्यात १५ तारीख धरायची की नाही, यावर लोकांचे एकमत होत नाही. ‘पर्यंत’मध्ये ती धरली जाते.

परतलेला: मी ‘आत’मध्येही ती धरतो.

मुद्रितशोधक: आणि मी धरत नाही, म्हणूनच तो शब्द विनंतीत नको.

शोधार्थिनी: सुधारलेला मजकूर असा:

“आदरणीय सर, सादर नमस्कार. गेल्या वर्षी मी आपल्या मार्गदर्शनाखाली माझा प्रकल्प पूर्ण केला. पदव्युत्तर प्रवेशाच्या अर्जासोबत मला शिफारसपत्र जोडायचे आहे. माझ्या कामाविषयी असे पत्र देणे आपणांस योग्य वाटत असेल, तर ते १५ तारखेपर्यंत मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. अर्जाची मुदत २० तारखेला संपते. प्रकल्पाचा अहवाल सोबत जोडला आहे. आपली विद्यार्थिनी”

लेखणीबहाद्दर: ‘आपणांस’वरचा अनुस्वार काढा, सर तर एकटेच आहेत.

मुद्रितशोधक: राहू द्या. आदरार्थी बहुवचनाच्या सामान्यरूपावरही अनुस्वार देतात.