गीझरचा करंट आणि काढून टाकलेला आरसीसीबी

सुनीता, बी-402: आमच्या बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतायत. कुणाला असा अनुभव आहे का?

कुलकर्णीकाका, ए-101: आधी गीझरचा स्विच बंद करा आणि नळाला हात लावू नका. बोर्डावरचा आरसीसीबी पडला नाही?

सुनीता, बी-402: तो आठवड्याभरापासून सारखा पडायचा. परवा इलेक्ट्रिशियन म्हणाला खराब झालाय, म्हणून त्याने तो काढून डायरेक्ट जोडून दिलं.

कुलकर्णीकाका, ए-101: पडायचा नेमका कधी?

सुनीता, बी-402: सकाळी, कुणी आंघोळीला गेलं की. मंदारला तर एकदा झटका बसला आणि लगेच लाइट गेली.

कुलकर्णीकाका, ए-101: अहो, मग तो खराब नव्हताच! फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत येतो की नाही, एवढंच तो बघतो. फरक 30 मिलीअँपिअरपर्यंत गेला की पडतो. तो फरक मंदारच्या अंगातून जमिनीत जात होता.

मंदार, बी-402: काका, पण एमसीबी आहे ना?

कुलकर्णीकाका, ए-101: गीझरचा एमसीबी 16 अँपिअरचा. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स 1500 ओहम धर. 230 भागिले 1500, म्हणजे साधारण 0.15 अँपिअर. एवढ्याने माणूस जाऊ शकतो, पण एमसीबीला पत्ताही लागत नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो.

नेहा, सी-203: पण अर्थिंग असताना करंट नळापर्यंत आलाच कसा?

कुलकर्णीकाका, ए-101: बरोबर विचारलंस. अर्थिंग धड असतं तर करंट गीझरच्या बॉडीवरून हिरव्या वायरने निघून गेला असता आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडला असता. इथे माणूस मध्ये आल्यावर पडत होता. म्हणजे दोन दोष आहेत, एलिमेंट लीक आणि अर्थ तुटलेली. सुनीताताई, दुसरा इलेक्ट्रिशियन बोलवा. मेन बंद करून प्लग उघडायला सांगा. सॉकेटची अर्थही मीटरने बघू दे. फेज ते अर्थ जवळजवळ 230 दाखवायला हवं. आणि आरसीसीबी आजच परत बसवा.

सुनीता, बी-402: झालं काका. प्लगमधली हिरवी वायर स्क्रूपाशी जळून तुटलेली निघाली! सॉकेटची अर्थ ठीक आहे. एलिमेंट बदलला, वायर नवी, आरसीसीबी पुन्हा बसवला.

कुलकर्णीकाका, ए-101: छान. त्याच्यावर 'T' लिहिलेलं बटण असतं, दाबून बघा. खट्‌कन पडला पाहिजे. मात्र त्याने अर्थिंग तपासलं जात नाही. आणि फेज-न्यूट्रल दोन्हीला एकदम हात लागला तर हाही वाचवत नाही.

सुनीता, बी-402: पडला!

नेहा, सी-203: काका, आमचं बटण आत्ताच दाबलं. लाइट चालू आहे, पण काहीच झालं नाही.

कुलकर्णीकाका, ए-101: पुन्हा एकदा जोरात दाब. नाहीच पडला तर उद्याच बदलून घे. तोवर गीझर बंद, आणि पाणी गॅसवर तापवा.